बेडरूमच्या रेंडरमध्ये वॉलपेपरची नक्षी ताणली जाऊ नये म्हणून: रिपीट मोजण्यापासून रोल मोजण्यापर्यंत

रेंडरमध्ये वॉलपेपर खोटा दिसतो तेव्हा नवशिके आधी लाइट बदलतात, मग मटेरियलची चमक कमी-जास्त करतात. बहुतेक वेळा दोष मापात असतो. पान आडवं फुगलेलं असतं, किंवा नक्षी इतकी बारीक झालेली असते की भिंतीला चिटाचं कापड लावल्यासारखं वाटतं. इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे: जळगावच्या एका टू-बीएचके फ्लॅटची बेडरूम, पलंगामागची भिंत, आणि केळीच्या पानांचा वॉलपेपर. केळीचं पान मुद्दाम निवडलं आहे. मुंबईच्या ग्राहकाला दहा टक्के रुंद झालेलं पान कदाचित खटकणार नाही. रावेर-यावलकडच्या माणसाने मात्र जन्मभर केळीबाग पाहिलेली असते, पानाची लांबी-रुंदी त्याच्या डोळ्यात बसलेली असते.

सॉफ्टवेअर स्केचअप धरलं आहे. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत तेच जास्त चालतं, आणि व्ही-रे असो की एन्स्केप, दोन्हीही नक्षीचं माप तिथूनच उचलतात.

हाताशी काय हवं

- भिंतीची मापं, स्वतः टेपने घेतलेली. बिल्डरच्या नकाशावरची नकोत.
- वॉलपेपरच्या कॅटलॉगमधल्या त्या डिझाइनच्या लेबलचा फोटो. रोलची रुंदी, लांबी, रिपीट आणि जुळणीची खूण, या चारही गोष्टी वाचता आल्या पाहिजेत.
- डिझाइनची सपाट प्रतिमा: कंपनीकडून मिळालेली किंवा स्कॅन केलेली.
- प्रतिमा कापायला गिंप किंवा फोटोशॉप.

सजवलेल्या खोलीचा फोटो उचलून त्यातून नक्षी कापायला जाऊ नका. त्यात कॅमेऱ्याचा कोन आणि खोलीचा उजेड दोन्ही मिसळलेले असतात. कॅटलॉगचं पान मोबाइलवर तिरकं टिपलं असेल तर त्याचंही तेच होतं. वरची कड खालच्यापेक्षा किंचित लहान येते आणि टाइल, म्हणजे भिंतीवर पुन्हा पुन्हा मांडायचा नक्षीचा तुकडा, शेजारच्या टाइलला जुळत नाही.

## १. भिंत मोजा आणि सगळं मिलिमीटरमध्ये आणा

सुतार आणि पीओपीवाले फूट-इंच-सुतात बोलतात, कॅटलॉग सेंटिमीटरमध्ये असतो आणि स्केचअपचं टेम्प्लेट बहुधा तिसऱ्याच एककात उघडलेलं असतं. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

आपली भिंत १० फूट ११ इंच ४ सूत रुंद आहे. इंचाचे आठ सूत, म्हणून ४ सूत म्हणजे अर्धा इंच. एकूण १३१.५ इंच, गुणिले २५.४, म्हणजे ३३४० मिमी. फॉल्स सीलिंगखालची उंची ९ फूट, म्हणजे २७४३ मिमी. खाली ४ इंची स्कर्टिंग आहे, ती साधारण १०० मिमी. म्हणजे कागद दिसणार तो २६४३ मिमी उंचीचा.

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. प्लास्टर एकसारखं नसतं, त्यामुळे थोडा फरक पडतोच. मॉडेलसाठी मधलं माप घ्या आणि रोल मागवताना सगळ्यांत मोठं.

भिंत काढून झाल्यावर तिचा आकार बदलायचा असेल तर Push/Pull किंवा Move वापरा. Scale टूलने ग्रुप ओढला की आतल्या पृष्ठभागावरची नक्षीही सोबत ताणली जाते. मटेरियलच्या खिडकीतले आकडे मात्र तेच राहतात, त्यामुळे चूक सापडत नाही. माप बरोबर टाकूनही पान रुंद दिसत असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

## २. लेबल वाचा

रोलची नेहमीची रुंदी ५३ सेमी आणि लांबी साधारण १० मीटर. दुकानदार ज्याला ५७ स्क्वेअर फुटांचा रोल म्हणतात तो हाच. आपल्या डिझाइनच्या लेबलवर रिपीट ६४/३२ असा लिहिला आहे. ६४ सेमी म्हणजे उभ्या दिशेने तेच पान किती अंतरावर पुन्हा येतं ते. ३२ म्हणजे शेजारची पट्टी किती खाली सरकवून लावायची ते. याला हाफ ड्रॉप म्हणतात.

लेबलवरची बाणांची खूण हीच गोष्ट चित्राने सांगते. दोन बाण समोरासमोर असतील तर सरळ जुळणी. वर-खाली सरकलेले असतील तर ड्रॉप. बाणाशेजारी शून्य असेल तर जुळवण्याची गरजच नाही.

लेबल नसेल तर एखाद्या पानाचं टोक धरा आणि उभ्या रेषेत तेच टोक पुन्हा कुठे येतं तिथपर्यंत टेप लावा. कॅटलॉगचं पान रिपीटपेक्षा लहान असेल तर अंदाजाने पुढे जाऊ नका. दुकानदाराकडून डिझाइन नंबरवरून माप मागवून घ्या.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. स्क्वेअर फुटाच्या दराने भिंतीच्या मापात छापून मिळतो तो कस्टमाइज्ड कागद वेगळा. त्यात रिपीट नसतो, अख्खी भिंत हेच एक चित्र असतं. तिथे प्रतिमेचं प्रमाण भिंतीच्या प्रमाणाइतकंच कापून घ्यायचं असतं. पुढच्या पायऱ्या रोलच्या कागदासाठी आहेत.

## ३. टाइल तयार करा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण पुढच्या पायऱ्यांचं बरंच काम इथेच होऊन जातं.

आधी एका पट्टीची टाइल कापा: पूर्ण रुंदी ५३ सेमी आणि एक रिपीट ६४ सेमी. एका सेंटिमीटरला २५ पिक्सेल धरले तर ती १३२५ × १६०० पिक्सेल होते. एवढी सूक्ष्मता पुरते. रेंडर १९२० पिक्सेल रुंद असेल आणि ३३४ सेमीची भिंत अख्खी चौकट भरत असेल, तरी पडद्यावर सेंटिमीटरला जेमतेम सहा पिक्सेल येतात. जवळून काढलेल्या दृश्यासाठीही शिल्लक उरते.

आता हाफ ड्रॉपचा प्रश्न. स्केचअप टाइलशेजारी टाइल सरळ रेषेत मांडतो, सरकवणं त्याला माहीत नाही. ५३ × ६४ ची टाइल तशीच दिली तर सगळ्या पट्ट्या सरळ जुळणीने लागतील आणि प्रत्येक सांध्यावर पान अर्ध्यात तुटेल. काही जण हे तुटलेपण लपवायला टाइल थोडी ताणतात. मग नक्षीही बिघडते आणि सांधाही जुळत नाही.

उपाय असा: टाइल दोन पट्ट्यांची करायची. पहिली पट्टी आहे तशी, दुसरी ३२ सेमी खाली सरकवलेली. दुसरीनंतर येणारी तिसरी पट्टी आणखी ३२ सेमी सरकते, म्हणजे एकूण ६४, म्हणजे एक पूर्ण रिपीट. ती पुन्हा पहिल्यासारखीच होते. म्हणून दोन पट्ट्या पुरतात, तिसरीची गरज नाही.

गिंपमध्ये हे असं करा:

1. Image > Canvas Size उघडा, रुंदी-उंचीला जोडणारी साखळी तोडा आणि रुंदी २६५०, उंची १६०० ठेवा.
2. Layer > Duplicate Layer करून वरची प्रत उजव्या अर्ध्यात, म्हणजे १३२५ पिक्सेल पुढे न्या.
3. त्या प्रतीवर Layer > Transform > Offset उघडा, Y मध्ये ८०० टाका आणि Wrap around निवडा.

फोटोशॉपमध्ये हेच काम Filter > Other > Offset करतं. तिथेही Wrap Around निवडलेलं हवं. ते राहिलं तर सरकलेल्या जागेत रिकामी पट्टी उरते.

सरकवल्यावर मधल्या सांध्याकडे नीट पाहा. डावीकडे कापलेलं पान उजवीकडे पूर्ण झालं पाहिजे, शीर शिरेला मिळाली पाहिजे. सांध्यावर सगळीकडे सारखीच दोन-चार पिक्सेलची पायरी दिसत असेल तर कापणी चुकली आहे, मूळ प्रतिमेतून पुन्हा कापा. ब्रशने सांधा पुसून जुळवायला जाऊ नका. तो एका जागी जुळेल आणि वरच्या टाइलला जोडताना तुटेल.

## ४. स्केचअपमध्ये माप टाका

File > Import मधून प्रतिमा Texture म्हणून आणून भिंतीवर दोन क्लिकमध्ये बसवता येते. नवीन माणसाला हाच रस्ता सोपा वाटतो. पण त्यात माप तुमच्या हाताने, नजरेच्या अंदाजाने ठरतं. त्यापेक्षा Materials च्या खिडकीत नवं मटेरियल तयार करा, प्रतिमा द्या आणि रुंदी एककासकट टाका:

```
1060mm
```

साखळी जोडलेलीच राहू द्या. उंची आपोआप ६४० मिमी यायला हवी. ही फुकट मिळणारी तपासणी आहे. ६५० किंवा ६३२ असं काही आलं तर टाइल चुकीची कापली आहे. अशा वेळी साखळी तोडून जबरदस्तीने ६४० टाकू नका, तिसऱ्या पायरीवर परत जा. साखळी तोडणं एकाच वेळी योग्य आहे: प्रतिमा बरोबर कापलेली होती, पण कुणीतरी नंतर ती २०४८ × २०४८ अशी चौरस करून ठेवली. तेव्हा पिक्सेलचं प्रमाण खोटं असतं आणि लेबलचं खरं. साखळी तोडून १०६० आणि ६४० दोन्ही हाताने टाका, पानं पुन्हा जागेवर येतील.

एकक लिहिण्याचा आग्रह यासाठी की टेम्प्लेट इंचाचं असेल आणि तुम्ही नुसतं १०६ टाकलं, तर ते १०६ इंच होतात. नक्षी २.५४ पट मोठी येते, एकेक पान उशीपेक्षा मोठं दिसू लागतं. मिलिमीटरच्या टेम्प्लेटमध्ये नुसतं १०६ टाकलं तर उलट, दहापट बारीक. चूक किती पटीची आहे यावरूनच ती कुठे झाली ते कळतं.

रंगवताना ग्रुपवर डबल-क्लिक करून आत शिरा आणि त्या एका पृष्ठभागालाच मटेरियल द्या. बाहेरून ग्रुपला दिलं तर पुढच्या पायरीत नक्षी सरकवता येत नाही.

## ५. नक्षी कुठून सुरू करायची

स्केचअप नक्षीची मांडणी मूळ बिंदूपासून धरतो. तुमच्या भिंतीचा कोपरा किंवा पलंगाचा मध्य त्याला ठाऊक नसतो. कागद लावणारा कारागीर मात्र विचार करूनच पहिली पट्टी लावतो. रेंडरमध्ये त्याच्याच पद्धतीने जा.

३३४० ला ५३० ने भागलं तर ६.३ पट्ट्या येतात. या ठिकाणी मोह होतो की सहा किंवा सात पूर्ण पट्ट्या बसवून टाकाव्यात. सात बसवायला पट्टी ५३० ची ४७७ करावी लागते. पान दहा टक्के अरुंद होतं, उंची तीच राहते. ताणलेल्या नक्षीचं सगळ्यांत नेहमीचं मूळ हेच आहे. खऱ्या भिंतीवर शेवटची पट्टी कापली जाते, रेंडरमध्येही ती कापलेलीच दिसू द्या.

पलंग भिंतीच्या मध्यावर आहे, म्हणून मांडणी मध्यापासून करू. मध्य १६७० मिमीवर येतो. सांधा मध्यावर ठेवला तर प्रत्येक बाजूला तीन पूर्ण पट्ट्या आणि ८० मिमीची चिरोटी उरते. कोपऱ्यातली एवढी बारीक पट्टी लावायलाही त्रासाची आणि दिसायलाही वाईट. त्याऐवजी एका पट्टीचा मध्य भिंतीच्या मध्यावर आणला तर पाच पूर्ण पट्ट्या आणि दोन्ही टोकांना ३४५ मिमीचे तुकडे येतात. हेच घ्या. हाफ ड्रॉपमध्ये याचा आणखी एक फायदा आहे: मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्याच सरकलेल्या असतात, त्यामुळे पलंगामागे तोल राहतो.

म्हणजे मधल्या पट्टीची डावी कड १६७० वजा २६५, अर्थात डाव्या कोपऱ्यापासून १४०५ मिमीवर. उभ्या दिशेने पूर्ण रिपीट छतापासून सुरू करायचा, कारण वरची कड उघडी दिसते आणि खालची पलंग-साइड टेबलच्या मागे जाते. टाइलची खालची कड म्हणून २७४३ वजा ६४०, म्हणजे जमिनीपासून २१०३ मिमीवर.

Tape Measure ने या दोन मापांच्या गाइड रेषा टाका. पृष्ठभागावर राइट-क्लिक करून Texture > Position निवडा. चार रंगीत पिना दिसतील. लाल पिन टाइलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि तिने नक्षी फक्त सरकते. ती ओढून गाइड रेषांच्या छेदावर ठेवा आणि Enter दाबा. बाकी तीन पिनांना हात लावू नका. हिरवी मोठं-लहान करते आणि फिरवते, निळी तिरकं करते, पिवळी कोपरा ओढून वाकवते. चुकून एखादी हलली तर त्याच अवस्थेत राइट-क्लिक करून Reset करा आणि लाल पिन पुन्हा लावा.

## ६. कॉलमचा कोपरा

फ्लॅटमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात कॉलम शंभर-दीडशे मिमी पुढे आलेला असतो. कागद त्याच्यावरून वळतो, तेव्हा नक्षीही वळली पाहिजे. आधी मुख्य भिंतीची नक्षी पाचव्या पायरीप्रमाणे जागेवर आणा. मग Paint Bucket घेऊन Alt दाबा, त्याच भिंतीवर क्लिक करून नमुना उचला आणि लागून असलेल्या बाजूवर टाका. मग त्या बाजूवरून नमुना उचलून पुढच्या बाजूवर. एकेक पायरीने गेलं की पान कोपऱ्यावरून मोडून पुढे चालू राहतं.

कॉलमच्या बाजूला नक्षीऐवजी आडव्या लांबच लांब रेघा दिसत असतील तर Texture > Projected चालू राहिलं आहे. ते समोरून प्रकाश टाकल्यासारखं काम करतं, काटकोनातल्या बाजूवर नक्षीची कडच फक्त ओढली जाते. ते बंद करून पुन्हा नमुना उचला.

## ७. रेंडर करण्याआधी मोजून पाहा

पानाची लांबी डोळ्याला पटते, पण आकड्यात सिद्ध होत नाही. म्हणून एक चाचणीची टाइल कायमची बनवून ठेवा: तीच २६५० × १६०० पिक्सेलची, मध्ये १००० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ. आपल्या प्रमाणात ते ४०० मिमीचं आहे. मटेरियलमधली प्रतिमा तात्पुरती बदलून ही लावा. Camera > Parallel Projection आणि समोरचं दृश्य घ्या, मग भिंतीच्या ग्रुपबाहेर Circle टूलने २०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ त्याच्यावर काढा. दोन्ही एकमेकांवर बसली तर माप आणि प्रमाण दोन्ही बरोबर. अंडाकृती दिसलं तर प्रमाण चुकलं, गोल पण लहान-मोठं दिसलं तर एकक चुकलं. तपासून झालं की मूळ प्रतिमा परत लावा.

इथे सगळं बरोबर असूनही रेंडरमध्ये ताण दिसला तर कॅमेरा तपासा. खोली लहान म्हणून दृश्यकोन ९० अंशांवर नेला जातो. अगदी समोरासमोर असलेल्या भिंतीवर त्याने प्रमाण बिघडत नाही, वर्तुळ चौकटीच्या कडेलाही वर्तुळच राहतं. पण भिंत तिरकी असेल तर चौकटीच्या कडेकडे जाताना पानं लांबत जातात. ही चूक मटेरियलमध्ये दुरुस्त करायची नसते. दृश्यकोन ५०-६० अंशांपर्यंत आणा, कॅमेरा मागे घ्या, मागची भिंत आड येत असेल तर तिला तेवढ्यापुरतं लपवा. उभ्या रेषा सरळ राहण्यासाठी Camera > Two-Point Perspective ठेवा.

रेंडररच्या मटेरियलमध्येही एक नजर टाका. तिथे रिपीटचे दोन आकडे वेगळे असतील, समजा २ आणि १, तर स्केचअपमधली सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही १ ठेवा. कागदाला उठाव असेल तर त्याची बंप प्रतिमा त्याच टाइलवरून बनवलेली हवी, नाहीतर शिरांचा उठाव एकीकडे आणि रंग दुसरीकडे पडतो.

## ८. याच मांडणीवरून रोल मोजा

क्षेत्रफळाने पाहिलं तर ३.३४ गुणिले २.६४ मीटर, म्हणजे साधारण ८.८ चौरस मीटर. रोल ५.३ चौरस मीटरचा. भागाकार १.६७ येतो आणि दोन रोल पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. प्रत्येक पट्टी कापताना पुढची पट्टी नक्षीच्या त्याच जागेपासून सुरू व्हावी लागते. २६४३ मिमीच्या पट्टीला वर-खाली कापायला मिळून १०० मिमी धरले तर २७४३ लागतात. ६४० च्या चार रिपीटचे २५६० होतात, ते कमी पडतात, म्हणून पाच रिपीट, म्हणजे ३.२ मीटर. दहा मीटरच्या रोलमधून अशा तीनच पट्ट्या निघतात. हाफ ड्रॉपचा फायदा घेऊन २.८८ मीटरवर कापत गेलं तरी चौथी पट्टी बसत नाही.

तुमच्या रेंडरमध्ये पट्ट्या मोजा: पाच पूर्ण आणि दोन टोकांचे तुकडे, म्हणजे सात. टोकांचे ३४५ मिमीचे दोन तुकडे एकाच ५३० च्या पट्टीतून निघत नाहीत, त्यांना दोन पट्ट्या लागतात. दोन रोलमध्ये सहा पट्ट्या होतात, म्हणून रोल तीन. तिन्ही एकदमच मागवा आणि लेबलवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते रोल उघडण्याआधी बघा. नंतर मागवलेल्या रोलचा हिरवा किंचित वेगळा निघू शकतो, आणि तो फरक भिंतीवर सांध्यापाशीच उठून दिसतो.